येते हं

ताईच्या लग्नाच्या रात्री साडेबारा वाजता मी फोन हातात घेऊन पलंगावर बसलो होतो. फोटो निवडून झाला होता, खाली लिहायची ओळ तेवढी राहिली होती. पाच मिनिटांचं काम आहे असं समजून बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते संपलं. मधल्या वेळात जे लिहिलं आणि खोडलं, ते अजून माझ्या फोनच्या नोंदवहीत आहे. बहिणीच्या लग्नाच्या फोटोखाली भावानं काय लिहावं, याचं उत्तर मला त्या खोडलेल्या ओळींनीच दिलं, म्हणून त्या इथे सांगतो.

पहिला मसुदा लांबलचक होता. आमचं भांडण, तिनं मला सायकल शिकवली तो दिवस, माझ्या परीक्षेच्या काळात ती रात्रभर जागायची ते, बाबांच्या आजारपणात तिनं घर कसं सांभाळलं ते, सगळं. लिहिताना डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, हेच टाकायचं. इन्स्टाग्रामनं ते घेतलंच नाही. फोटोखालच्या मजकुराला तिथे 2,200 अक्षरांची मर्यादा आहे, आणि मराठीत ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते यंत्राला एक नसतं. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ताई’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो तीन भरतो. ‘लग्न’ चार. म्हणजे तीनशे-साडेतीनशे शब्द झाले की जागा संपत येते.

पण मर्यादा हा खरा अडसर नव्हताच. मजकूर कापून बसवताना माझ्या लक्षात आलं की बघणाऱ्याला आधी जेमतेम दोन ओळी दिसतात, बाकीचं ‘आणखी’ या शब्दामागे दडलेलं असतं. आणि माझ्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या: ‘आज काय लिहू, शब्दच सुचत नाहीत. लहानपणापासूनच्या किती आठवणी डोळ्यांसमोरून जातायत.’ या दोन ओळींत ताई कुठेच नव्हती. त्या कुठल्याही भावाच्या, कुठल्याही बहिणीविषयीच्या होत्या. ज्याला आमच्याबद्दल काही माहीत नाही त्यानं ‘आणखी’ दाबावं, असं त्यांत काहीच नव्हतं. सायकल सातव्या ओळीत होती.

मग मी उलट टोकाला गेलो आणि एकच ओळ लिहिली: ‘ताई गेली, आणि घर रिकामं झालं.’

लिहून वाचली आणि अंगावर काटा आला. मराठीत ‘गेली’ हा शब्द एकटा सोडायचा नसतो. कुठे गेली ते सांगितलं नाही की त्याचा एकच अर्थ होतो. बाजारात गेली, ऑफिसला गेली, नव्या घरी गेली, इथपर्यंत ठीक. नुसतं ‘गेली’ म्हटलं की ऐकणारा चपापतो. ओळ खोडली, पण तिच्यामुळे मी आधीचा लांब मसुदा पुन्हा उघडला आणि तो वेगळ्याच नजरेनं वाचला. ‘तुझी उणीव कायम भासेल.’ ‘तू या घराचा आधार होतीस.’ ‘तुझ्या आठवणी सदैव सोबत राहतील.’ फोटोवर अंगठा ठेवला आणि फक्त शब्द वाचले. कुणीही म्हणालं असतं की हा श्रद्धांजलीचा मजकूर आहे. माझी बहीण त्या क्षणी नव्या घरी अगदी सुखरूप होती, बहुधा दमून झोपलीही असेल, आणि मी तिच्याविषयी भूतकाळात लिहीत होतो.

हे माझ्या एकट्याचं झालं असं मला वाटत नाही. निरोपाचे तयार शब्द आपल्याकडे जे असतात, ते बहुतेक मोठ्या, कायमच्या निरोपाचे असतात. मन भरून आलं की हात आपसूक त्यांच्याकडेच जातो. म्हणून फोटो झाकून मजकूर वाचायची ही सवय मला फार कामाची वाटते. फोटोत सगळे हसत असतात, त्यामुळे शब्दांतला दुखवटा आपल्या नजरेतून सुटतो. फोटो बाजूला केला की तो लगेच ऐकू येतो. सर्वात आधी क्रियापदं बघावीत. ‘होतीस’, ‘असायचीस’, ‘भासेल’ अशी रांग लागली असेल तर तिथेच थांबावं. ती आहे. उद्या फोन करणार आहे. पुढच्या महिन्यात येऊन माझ्या कपाटातला पसारा बघून ओरडणार आहे. तिच्याविषयीचं निदान एक वाक्य तरी पुढे बघणारं हवं.

खरं तर आपल्या भाषेनं याची सोय आधीच करून ठेवली आहे. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ताई रोज ऑफिसला निघताना ‘येते हं’ म्हणायची आणि आई आतून ‘ये’ म्हणायची. कुणी चुकून ‘जाते’ म्हणालंच तर आई लगेच टोकायची, ‘जाते नाही, येते म्हण.’ मला वाटतं, निघण्याच्या क्षणी परत येण्याचं क्रियापद वापरणारी भाषा ज्याच्या तोंडी आहे, त्याला आनंदी निरोप लिहिणं तितकंसं अवघड नसावं. त्या रात्री मात्र हे मला सुचलं नव्हतं. त्या रात्री मी आणखी दोन मसुदे बिघडवले.

त्यातला एक दाजींना उद्देशून होता. ‘आमच्या घरातलं सर्वात मौल्यवान तुमच्या हाती देतोय, जपा.’ यात प्रेम होतं, मी ते मनापासूनच लिहिलं होतं. पण ही ओळ कोण कोण वाचणार याचा विचार केला आणि हात थांबला. ताई वाचणार. स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या निर्णयानं लग्न केलेली मुलगी, तिला मी एखाद्या वस्तूसारखं एका हातातून दुसऱ्या हातात देत होतो. दाजी वाचणार, ज्यांनी तिला न जपण्यासारखं काहीच केलेलं नाही. त्यांची आई वाचणार, जिला पहिल्याच दिवशी वाटेल की या मुलाला आमच्यावर भरवसा नाही. दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘काहीही झालं तरी इथलं दार तुला कायम उघडं आहे.’ हे खरं आहे आणि ते तिला माहीतही आहे. पण लग्नाच्या दिवशी, सगळ्यांसमोर हे लिहिलं की त्यातला ‘काहीही झालं तरी’ वाचणाऱ्याच्या मनात राहतो. काही वाक्यं फक्त तिच्या कानात सांगायची असतात. ते मी तिला नंतर फोनवर सांगितलं.

एका आघाडीवर मी आधीच सावध होतो, ती म्हणजे आई. जी पोस्ट ताईच्या मैत्रिणी बघणार, तीच आईही बघणार. ‘घर रिकामं झालं’ असं मी लिहिलं, तर त्या रिकाम्या घरात सकाळी उठून वावरणार आहे ती आई. माझ्या एका ओळीला शंभर लोकांनी पसंती दाखवली असती आणि आईनं ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चारदा वाचली असती. घरात मागे राहणाऱ्यांना ओझं होईल असं काही लिहायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं. आईचा रडतानाचा एक सुंदर फोटो होता, तोही याच कारणानं बाजूला ठेवला.

दीड वाजून गेला होता. मी फोन ठेवला आणि आडवा झालो. लाइट चालूच होती.

आमची खोली लहानपणापासून एकच. दोन पलंग, मध्ये एक खिडकी, आणि लाइटचं बटण ताईच्या पलंगाच्या डोक्याशी. खोलीत पलंग आले तेव्हा बाजू कुणी कोणती घ्यायची यावर भांडण झालं होतं आणि ती मोठी म्हणून बटणाची बाजू तिला मिळाली. त्या भांडणात मी हरलो असं मला वाटलं होतं. पण नंतरची सगळी वर्षं रोज रात्री लाइट तिनं बंद केली. ती वाचत असो, अर्धी झोपेत असो, माझ्यावर चिडलेली असो, हात तिनंच लांब करायचा. तिच्या बाजूला बटणाभोवतीची भिंत हात लागून लागून काळपट झाली आहे, बोटांच्या उंचीवर, बशीएवढा डाग. घराला रंग दिला तेव्हा तो झाकला गेला आणि वर्षभरात पुन्हा उमटला.

मी लाइट बंद होण्याची वाट बघत पडलो होतो. दोन-तीन मिनिटं तरी. मग उठलो, चार पावलं चालून तिच्या पलंगापाशी गेलो, त्या डागावर हात ठेवला आणि बटण दाबलं. अंधारात परत येताना पाय तिच्या चपलांना अडखळला.

इतका वेळ मी ज्या गोष्टीसाठी शब्द शोधत होतो ती ही होती. रात्रीच लिहून ठेवली: ‘आज पहिल्यांदा लाइट बंद करायला मी उठलो.’ रडू आलं, पण ओळ वाचून पहिल्यांदा वाटलं की ही आमची आहे, दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली ती चालणार नाही. आणि तिच्यात दुखवटाही नाही. एक माणूस उठला आणि त्यानं बटण दाबलं, इतकंच घडलं आहे. ‘उणीव’ हा शब्द न लिहिता ती तिथे आहे.

सकाळी ती ओळ फोटोखाली ठेवून बघितली, आणि जमेना. ओळ चांगली होती, फोटोही चांगला होता, पण दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं. फोटोत ताई दारातून मागे वळून काहीतरी बोलते आहे, तोंड अर्धवट उघडं, एक हात वर, डोळ्यांत पाणी चमकतंय. चौकटीच्या कडेला माझी बाही दिसते. हा फोटो जो बघेल त्याला वाटणार, ती काहीतरी हळवं बोलते आहे. आणि खाली मी लाइटचं सांगत होतो. वाचणाऱ्याचं मन दोन ठिकाणी ओढलं जात होतं.

तेव्हा मला उमगलं की फोटोखालची ओळ ही मुळात फोटोची असते. फोटोत जे दिसतंच आहे ते पुन्हा सांगून उपयोग नाही. ताई हसते आहे, सुंदर दिसते आहे, हे बघणाऱ्याला दिसतं. फोटोत जे येऊ शकत नाही ते सांगायचं. आवाज येऊ शकत नाही. आधी काय झालं, नंतर काय झालं, ते येऊ शकत नाही. आणि त्या क्षणी ताई काय म्हणाली ते मला माहीत होतं, कारण ती मलाच म्हणाली होती. सगळे गप्प होते, आई पदराशी चाळा करत होती, बाबा उगाचच घड्याळ बघत होते, आणि दारातून वळून, डोळे भरलेले असताना, ताई मला म्हणाली, ‘अरे, चार्जर राहिला.’

मी धावत आत गेलो होतो. टेबलावर होता तो चार्जर उचलला, आणून दिला. देताना आम्ही दोघंही हसलो होतो. फोटोतल्या डोळ्यांतलं पाणी आणि ते हसू, दोन्ही एकाच क्षणाचं होतं. मला आनंद वेगळा आणून चिकटवायची गरजच नव्हती. तो तिथे होताच, मी फक्त ऐकलं काय ते लिहायला हवं होतं.

मग मजकूर पंधरा मिनिटांत झाला:

‘या फोटोत ताई मागे वळून म्हणतेय, अरे, चार्जर राहिला.
चार्जर दिला. लाइटचं बटण मात्र तिच्याच पलंगाशी आहे, आणि काल पहिल्यांदा ते दाबायला मी उठलो.
ये लवकर. आलीस की तूच उठायचंस.’

यातल्या एका गोष्टीवर मी सर्वात जास्त वेळ घालवला, ती म्हणजे ‘ती’ आणि ‘तू’. रात्रीच्या मसुद्यांत मी एका वाक्यात तिच्याशी बोलत होतो आणि दुसऱ्यात लोकांशी, आणि ते कानाला खटकत होतं. सगळंच ‘तू’मध्ये लिहिलं तर ते पत्र होतं. मग ‘तू मागे वळून म्हणालीस’ असं तिलाच सांगावं लागतं, आणि ते तर तिला माहीतच आहे. सगळंच ‘ती’मध्ये लिहिलं तर ती समोर नसल्यासारखी होते, आणि त्या दिवशी तेच नको होतं. म्हणून लोकांना जे माहीत नाही ते आधी ‘ती’ म्हणून सांगितलं, आणि शेवटच्या ओळीत लोकांकडे पाठ करून तिच्याकडे वळलो. आमच्या खोलीत आम्ही जसं बोलतो तसं. ‘तूच उठायचंस’ हे वाक्य मी तिला शेकडो वेळा म्हटलेलं आहे.

‘ये लवकर’ लिहितानाही जरा थबकलो होतो. नव्या घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी परत बोलावणं बरं दिसेल का? पण त्यात घाई नाही, तक्रारही नाही, ‘येते’ला जे उत्तर आई रोज देते तेच ते आहे. ठेवलं.

तिला मी घरात ज्या नावानं हाक मारतो ते नाव घातलं नाही. ते चार भिंतींतलं आहे, तिच्या ऑफिसातले लोकही हे वाचणार होते. आणि टाकण्याआधी मजकूर आणि फोटो तिला पाठवला. लग्न तिचं, चेहरा तिचा, डोळ्यांतलं पाणी तिचं. ते जगापुढे न्यायचं की नाही हे तिनं ठरवायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकलेलं चोवीस तासांत नाहीसं होतं, पण ही पोस्ट राहणार होती. दहा वर्षांनी तिचं मूल ती उघडून बघू शकेल. तेव्हाही तिला ती आपली वाटली पाहिजे.

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही. मी आईला मजकूर वाचून दाखवला. चार्जरवर ती हसली, बटणापाशी गप्प झाली, आणि ‘तूच उठायचंस’ला म्हणाली, ‘तिला कशाला उठवतोस, दमून येईल ती.’ मला तेवढी पावती पुरे होती.

दहाच्या सुमारास ताईचा फोन आला.

‘वाचलं,’ ती म्हणाली. आवाज जड होता. ‘टाक. पण एक चूक आहे.’

‘कुठली?’

‘चार्जर दिला असं लिहिलंयस. हा माझा नाहीये. तुझा आहे.’

मी टेबलाकडे बघितलं. तिचा चार्जर तिथेच होता, पुस्तकाखाली, वायरला तिनं बांधलेला पिवळा रबर तसाच.

मी ‘चार्जर दिला’च्या आधी ‘माझा’ हा एक शब्द घातला आणि पोस्ट टाकली. फोन अजून चालूच होता. म्हटलं, ‘राहू दे तो तुझ्याकडे. मी तुझा वापरतो.’

‘नको,’ ती म्हणाली. ‘रविवारी द्यायला येते.’